ताईंना पाठवायचा तो मेसेज



गेल्या महिन्यात आपल्या काउंटरवरून एक मेसेज जाता जाता राहिला. पाठवायचं बटण दाबायच्या आधी आमच्यातल्या एकाने तो वाचला म्हणून बरं झालं. मेसेजमधलं सगळं खरं होतं, पण तो तसाच गेला असता तर बेळगावचं एक चांगलं गिऱ्हाईक तुटलं असतं. मग आम्ही तो मऊ करायला बसलो आणि पहिल्या झटक्यात इतका मऊ केला की सोसायटीच्या खिशातून ४६८० रुपये जायची पाळी आली. दोन्हीकडून कसे वाचलो ते इथे सविस्तर लिहितो, कारण ऑर्डरी आता बहुतेक सगळ्यांच्या मोबाईलवरच येतात आणि तक्रारीही.

झालं होतं असं. बेळगावात लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी ३० किलो सुरमई मागवली. दर ६५० रुपये किलो, आख्ख्या मासळीवर. त्यांचा माणूस सकाळी गाडी घेऊन आला, त्याच्यासमोर ३० किलो काट्यावर घातली, बिलावर त्याने सही केली. मग साफ करून तुकड्या करून मागितल्या. डोकी नेणार का विचारलं, तर नको म्हणाला. तुकड्या भरल्या २२ किलो ८०० ग्रॅम, एकेक किलोची २२ पाकिटं आणि एक ८०० ग्रॅमचं. पंचवीस किलो बर्फ घ्या असं आम्ही सांगितलं, म्हणजे जवळजवळ मासळीएवढा. त्याने १० किलो घेतला. चोर्ला घाटातून गाडी गेली. दुपारी ताईंचा मेसेज आला: ७ किलोवर मासळी कमी आहे, हिशोब द्या; शिवाय दोन पाकिटं नरम पडलीत, पाणी सुटलंय. सोबत फोटो.

काउंटरवरच्या मुलाने उत्तर लिहिलं ते असं:

"तुम्हाला एवढं पण कळत नाही का, साफ केल्यावर वजन कमी होणारच? ३० किलो तुमच्याच माणसासमोर वजन केलंय, त्याचीच सही आहे. तुकड्या २२ किलो ८०० भरल्या त्यापण त्याने बघितल्यात. डोकी त्यालाच नको होती. आम्ही मासे चोरत नाही. ७ किलोचे पैसे विसरा. आणि पाकिटं खराब झाली म्हणता, तर पैसे वाचवायला तुमच्या माणसाने २५ च्या जागी १० किलोच बर्फ घेतला. तरी फोटो त्याच दिवशी आला म्हणून दोन पाकिटांचे १३०० रुपये शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत परत करतो. यापुढे पूर्ण बर्फ घेतला नाही तर माल भरणार नाही."

मुलावर रागावू नका. पहाटे ४ पासून उभा होता, आणि चोरीचा आळ कुणाला सहन होतो?

हा मेसेज मऊ करायला दुसऱ्या एका सभासदाने घेतला, मनाने फार चांगला माणूस. त्याने लिहिलं: "ताई, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. वजनात आमच्याकडून काही गफलत झाली असेल तर नक्की बघून घेऊ. बर्फ थोडा कमी पडला असावा. दोन पाकिटांचे पैसे लवकरच परत करण्याचा प्रयत्न करू. पुढच्या वेळी डोकीसुद्धा पाठवून देऊ."

वाचायला गोड आहे, पण मूळ मेसेजशी ताडून बघा. गफलत झालीच नव्हती, इथे ती अर्धी कबूल झाली. ७ किलो २०० ग्रॅमचे पैसे देणार नाही हे वाक्य कुठेच नाही, उलट "बघून घेऊ" आलं. ताई उद्या ४६८० रुपये मागणार आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? बर्फ कुणी कमी घेतला ते पुसलं गेलं. शनिवार ६ चं "लवकरच" झालं, "परत करतो" चं "प्रयत्न करू" झालं, म्हणजे जे द्यायचं कबूल केलं होतं तेही ढिलं पडलं. पूर्ण बर्फाची अट गेली. आणि डोकी पाठवायचं नवीनच वचन आलं, जे कुणी ठरवलेलंच नव्हतं. सुरमईची डोकी इथे लगेच खपतात, ती पाठवायची की नाही हे मालकांना विचारून ठरवायचं.

म्हणून मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. कागद घेतला आणि मूळ मेसेजमधून जे बदलता येणार नाही तेवढंच उतरवून काढलं. आकडे, कोण काय केलं, काय देणार, काय देणार नाही, कधी. कागदावर आलं ते इतकंच: ३० किलो त्यांच्या माणसासमोर, सही आहे. तुकड्या २२ किलो ८०० ग्रॅम, त्याने बघितल्या. डोकी त्याला नको होती. बर्फ २५ सांगितला, १० घेतला. फोटो त्याच दिवशी आला. ७ किलो २०० चे पैसे नाहीत. १३०० रुपये शनिवारी ६ पर्यंत. पुढे पूर्ण बर्फाशिवाय माल भरणार नाही.

इथे एक वाद झाला तो सांगायला हवा. एका सभासदाचं म्हणणं, साफ केलेल्या तुकडीचा किलो ६५० ला पडतच नाही, १९५०० भागिले २२.८ म्हणजे साधारण ८५५ ला पडतो, मग पाकिटाचे ६५० कसे? मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण तो मेसेज लिहिताना सोडवायचा नाही. रक्कम बदलायची असेल तर आधी कमिटीत बदला, मग लिहा. शब्द मऊ करता करता आकडा हलला तर तो कुणी हलवला हे नंतर कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी १३०० ठरले होते, १३०० च राहिले.

आता कागदावर न आलेलं काय उरलं ते बघा. "एवढं पण कळत नाही का", "विसरा", "आम्ही मासे चोरत नाही", "पैसे वाचवायला". पहिली दोन तर नुसता राग. चोरीचं वाक्य काढलं, कारण ताईंनी चोरी हा शब्द वापरलाच नव्हता, हिशोब मागितला होता. आणि हिशोब दिला की त्याचं उत्तर होतं. "पैसे वाचवायला" हा आपला अंदाज. त्या माणसाने बर्फ कमी का घेतला, गाडीत जागा नव्हती की घाई होती, आपल्याला माहीत नाही. १० किलो घेतला एवढं माहीत आहे, तेवढंच लिहायचं.

एवढं काढूनही मेसेज टोचतच होता. मग लक्षात आलं की खरी टोचणी बारक्या शब्दांत आहे. "तुमच्याच माणसासमोर", "त्याचीच सही", "त्यालाच नको होती", "१० किलोच". ह्या प्रत्येक "च" मध्ये एक बोट समोरच्याकडे रोखलेलं आहे. "च" काढा, वस्तुस्थिती केसभर हलत नाही, बोट मात्र खाली येतं. "तरी १३०० देतो" मधला "तरी" काढा, नाहीतर दिलेले पैसे भीक दिल्यासारखे वाटतात. तोंडी बोलताना आपण हे शब्द सहज वापरतो आणि हसून त्यांची धार काढतो. मेसेजमध्ये हसू जात नाही.

"खराब झाली म्हणता" ला मात्र जरा थांबावं लागलं. "म्हणता" मध्ये संशय आहे, तो नको. पण नुसतं "खराब झाली" लिहिलं तर आपण ती डोळ्यांनी बघितल्यासारखं होतं. म्हणून "तुम्ही कळवलं आणि फोटो पाठवला" असं लिहिलं. संशय गेला आणि आपण न बघितलेलं कबूलही केलं नाही. बर्फाचंही तसंच. "बर्फ कमी पडला" हे वाक्य मऊ आहे, पण कुणाकडून ते त्यात नाही. "तुमच्या माणसाने १० किलो घेतला" हे "च" शिवाय, "पैसे वाचवायला" शिवाय लिहिलं की पुरेसं सौम्य होतं.

शेवटी क्रम बदलला. मुलाने नकार आधी आणि पैसे नंतर लिहिले होते. आम्ही हिशोब आधी ठेवला, म्हणजे नकारापर्यंत येताना कारण वाचून झालेलं असतं. पण नकार स्पष्ट ठेवला. "जमेलसं वाटत नाही" लिहिलं असतं तर ताईंनी परत विचारलं असतं. "देता येणार नाहीत" सौम्यही आहे आणि पक्कंही. गेलेला मेसेज हा:

"नमस्कार ताई. लग्नघाईत तुम्हाला हा त्रास झाला याचं आम्हालाही वाईट वाटलं. हिशोब असा आहे: आख्खी सुरमई ३० किलो, तुमच्या माणसासमोर वजन केली, बिलावर त्यांची सही आहे. दर आख्ख्या वजनावर असतो. डोकं, शेपटी, पोटातलं काढल्यावर तुकड्या २२ किलो ८०० ग्रॅम भरल्या, त्या त्यांनी बघितल्या. डोकी त्यांना नको होती. त्यामुळे मधल्या ७ किलो २०० ग्रॅमचे पैसे परत देता येणार नाहीत. दोन पाकिटं नरम पडल्याचं तुम्ही कळवलं आणि फोटो त्याच दिवशी पाठवला, म्हणून त्यांचे १३०० रुपये शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत परत करतो. आम्ही २५ किलो बर्फ सांगितला होता, तुमच्या माणसाने १० किलो घेतला. यापुढे पूर्ण बर्फ घेतल्याशिवाय आम्ही माल भरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

"वाईट वाटलं" आणि "माफ करा, आमचं चुकलं" यांत फरक आहे हे ध्यानात घ्या. पहिल्यात सहानुभूती आहे, दुसऱ्यात कबुली. चूक खरंच आपली असेल तेव्हा दुसरंच लिहायचं, तिथे लपवाछपवी नको.

"दर आख्ख्या वजनावर असतो" आणि डोकं-शेपटीचं वाक्य मूळ मेसेजमध्ये नव्हतं, हे कुणी तरी पकडेलच. बिलावर ते आहे, आणि "एवढं पण कळत नाही का" च्या जागी काहीतरी समजावून सांगणं भाग होतं. नवीन वचन मात्र त्यात नाही.

पाठवण्याआधी मूळ मेसेज न बघितलेल्या एका वहिनींना तो वाचायला दिला आणि विचारलं, किती पैसे परत जाणार, कधी, कशाचे जाणार नाहीत, आणि पुढची अट काय? चारही उत्तरं कागदाशी जुळली. दोन पाकिटांपुरते तरी पैसे का देताय, असंही त्यांनी विचारलं, पण ते कमिटीचं काम.

ताईंचा फोन आला रात्री. आमच्यापैकी फोनवर होता त्याने समोर तोच कागद ठेवला होता, कारण बोलता बोलता "बघू" तोंडातून निसटतं. १३०० रुपये शुक्रवारी गेले. पुढची ऑर्डर त्यांनी साफ न करता मागितली, डोक्यांसकट, आणि बर्फ किती लागेल ते आधी विचारून घेतलं.