विहारातील बुद्धमूर्ती : हातांची भाषा

विहारात प्रथमच येणारा बालक बहुधा मूर्तीच्या मुखाकडे पाहतो. त्याला मूर्तीच्या हातांकडे पाहावयास शिकवावे. मुख सर्वत्र शांतच असते. प्रसंग कोणता हे मात्र हात सांगतात.

महाराष्ट्रातील अनेक विहारांत थायलंडहून दान आलेल्या मूर्ती आहेत. त्यांपैकी पुष्कळ मूर्तींचा डावा हात मांडीवर उताणा असतो आणि उजवा गुडघ्यावरून खाली आलेला असतो. ही भूमिस्पर्श मुद्रा होय. मार विचलित करू पाहत असता सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षी ठेवले, तो हा क्षण. मुले हिला ‘आशीर्वादाचा हात’ म्हणतात, आणि त्यांचा दोष नाही. कारण वरद मुद्रेतही उजवा हात खालीच असतो. भेद तळहाताचा आहे. तळहात आतल्या बाजूस व बोटे भूमीकडे असतील तर भूमिस्पर्श; तळहात आपल्याकडे उघडा असेल तर वरद, म्हणजे दानाची मुद्रा. तोच उघडा तळहात खांद्याजवळ उंचावला की अभय. दोन्ही हात मांडीवर एकावर एक असतील तर ध्यान.

एवढे कळले की मुलांना अजिंठ्यास न्यावे. जळगावहून पहूरमार्गे लेणी जवळच आहेत. पहिल्या लेण्यातील मूर्तीचे दोन्ही हात छातीशी असून बोटे परस्परांना भिडलेली आहेत. हा उपदेश कोणता, हे मुलांनी आसनाच्या खालच्या भागावरून ओळखावे : तेथे चक्र आणि हरिणे कोरलेली आहेत. हरिणे म्हणजे सारनाथचे मृगदाव, आणि चक्र म्हणजे तेथे प्रवर्तित झालेले धम्मचक्र.

सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची शयनमूर्ती आहे. “भगवान झोपले आहेत का?” हा प्रश्न येतोच. उत्तर लगेच देऊ नये. मुलांना प्रथम खाली पाहावयास सांगावे. तेथे शोकाकुल शिष्य बसले आहेत. निद्रिस्तासाठी कोणी शोक करीत नाही, हे मुले आपणच म्हणतात. उजव्या कुशीवर घडलेले हे महापरिनिर्वाण आहे. त्याच भिंतीवर मारविजयाचे शिल्पही आहे. भोवती माराची सेना, खाली त्याच्या कन्या आणि मध्ये तोच खाली आलेला उजवा हात! आपल्या विहारातील मूर्ती मुलांना येथे ओळखता आली, तर पाठ समजला असे मानावे.

परतताना दहावे लेणे टाळू नये. ते इसवीसनापूर्वीचे आहे, आणि त्यातील स्तूपावर मूर्तीच नाही. मग हात कोठे पाहावेत? त्या काळी शिल्पकार तथागतांना मानवरूपात दाखवीत नसत; बोधिवृक्ष, चक्र, पदचिन्हे किंवा असा स्तूप, एवढ्यावरच उपासक त्यांना ओळखीत.