ठरलेला उंबरठा, ठरलेला खर्च



फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची पोस्ट आधी फुकट चालू द्यायची, ती स्वतःच्या बळावर ठराविक प्रतिसादाच्या पुढे गेली तरच तिच्यामागे जाहिरातीचे पैसे आपोआप लावायचे आणि हा खर्च रोजच्या एका रकमेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, अशी एक पद्धत आहे. तिचे दोन आधार आहेत: उंबरठा कशावर मोजला जातो आणि मर्यादा खरोखर पक्की आहे का. दोन्ही दिसतात त्यापेक्षा अवघड आहेत.

उंबरठ्यासाठी नांदुऱ्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचे पेज डोळ्यांसमोर ठेवावे. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. हनुमान जयंतीला गावातल्या १०५ फुटी मूर्तीचे छायाचित्र टाकले. चोवीस तासांत ते २,४०० जणांपर्यंत गेले, ३१० लाइक आल्या, ७० कमेंट आल्या आणि ४ जणांनी ते शेअर केले. कमेंट सगळ्या जयजयकाराच्या. पुढे पऱ्हाटीला पाते लागायच्या सुमारास गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा कसा लावावा, याचा छोटा व्हिडिओ टाकला. हेक्टरी पाच सापळे आणि सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग दिसले की उपायाची वेळ आली, एवढीच माहिती त्यात होती. तो ७२० जणांपर्यंत पोहोचला. लाइक ३१, कमेंट १८, शेअर १४.

सगळा प्रतिसाद एकत्र करून पोहोचीने भागला, तर मूर्तीच्या छायाचित्राला १६ टक्के मिळतात आणि व्हिडिओला पावणेनऊ. यंत्राला तेवढेच सांगितले असेल, तर ते पैसे छायाचित्रावर लावेल. त्यातून दुकानात एकही गिऱ्हाईक येणार नाही, कारण लोकांनी हात जोडले ते मूर्तीला, दुकानाला नव्हे. लाइक वगळून फक्त कमेंट आणि शेअर धरले, तर छायाचित्राचे ३.१ टक्के होतात आणि व्हिडिओचे ४.४. उंबरठा ४ टक्क्यांवर ठेवला की निवड उलटते. तरीही सणाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली आणि निकालाचे अभिनंदन या पोस्ट नियमातून नावानिशी वगळाव्यात. एखाद्या दिवशी त्या कोणताही आकडा ओलांडतात.

टक्केवारीला किमान पोहोचीची जोड लागते. चाळीस जणांनी पाहिलेल्या पोस्टवर घरच्या तिघांनी कमेंट केली, तरी साडेसात टक्के होतात आणि त्याला काही अर्थ नसतो. म्हणून पेजच्या मागच्या तीसेक पोस्टची नेहमीची पोहोच पाहून निदान तिच्या आसपासची अट घालावी. मोजणी पोस्ट टाकल्यापासून ठीक चोवीस तासांनी, एकदाच करावी आणि तो आकडा वहीत कायमचा नोंदवावा. पोस्ट बूस्ट झाल्यावर विकतचा प्रतिसाद तिच्याच खात्यात जमा होतो. नंतर मोजणी केली, तर आपल्याच पैशाने आलेल्या शेअरना यंत्र लोकांची पसंती समजते आणि त्याच पोस्टवर पुन्हा पैसे लावते.

आता मर्यादा. समजा, रोज ३०० रुपयांच्या वर एक पैसाही जाऊ द्यायचा नाही. जाहिरातीत रोजचे बजेट ३०० लिहिले की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. ते तसे नाही. मेटाच्या नियमानुसार रोजचे बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी संधी चांगली दिसली, तर कंपनी त्यापेक्षा ७५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकते. पूर्वी ही सूट २५ टक्के होती. रविवार ते शनिवार या आठवड्यात मात्र एकूण खर्च रोजच्या बजेटच्या सातपटीवर जात नाही. म्हणजे ३०० लिहिले, तर एका दिवशी ५२५ जाऊ शकतात. दिवसाची मर्यादा खरोखर ३०० हवी असेल, तर ३०० ला १.७५ ने भागावे. उत्तर १७१ येते. चालू असलेल्या सगळ्या जाहिरातींच्या बजेटची बेरीज १७० वर थांबवली, तर वाईटात वाईट दिवशीही खर्च २९७ रुपये ५० पैसे होतो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा धरावा.

या १७० रुपयांत दोनच पोस्ट मावतात, प्रत्येकी ८५ रुपयांच्या. तिसरी उंबरठा ओलांडून आली, तर तिला रांगेत थांबवावे आणि जागा झाल्यावर ज्या पोस्टचे शेअरचे प्रमाण जास्त तिला आधी घ्यावे. तीन दिवसांत नंबर लागला नाही, तर ती सोडून द्यावी. कोणतीच पोस्ट पात्र ठरली नाही, तर त्या दिवशी खर्च शून्य राहावा. ते पैसे दुसऱ्या दिवसाच्या मर्यादेत ढकलू नयेत, नाहीतर मर्यादा नावापुरती उरते.

अ‍ॅड्स मॅनेजरमधला स्वयंचलित नियम, म्हणजे दोन्ही जाहिराती असलेल्या कॅम्पेनचा आजचा खर्च २५० झाला की ते कॅम्पेन बंद, हा दुसरा अडसर म्हणून ठेवावा. पण तो साधारण अर्ध्या तासाने तपासणी करतो आणि खर्चाचे आकडेही थोडे उशिरा दिसतात, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. अकाउंट स्पेंडिंग लिमिट ही शेवटची भिंत. ती रोजची नसून एकूण खर्चाची असते आणि ती गाठली की सगळ्या जाहिराती थांबतात. तिथे महिन्याची रक्कम लिहावी आणि दर महिन्याला हाताने वाढवावी. अकाउंट उघडताना वेळ भारताचीच निवडावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ राहिली, तर खर्चाचा दिवस आपल्याकडे भरदुपारी बदलतो आणि नांदुऱ्यातल्या एकाच दिवसात दोन दिवसांचे बजेट सांडू शकते.

सगळ्यात महागडी चूक याहून साधी असते. दर तासाला चालणारा प्रोग्रॅम पात्र पोस्ट शोधतो, जाहिरात तयार करतो आणि मधेच इंटरनेट तुटते. उत्तर न आल्याने तो पुढच्या तासाला तीच जाहिरात पुन्हा तयार करतो. संध्याकाळपर्यंत एकाच पोस्टच्या चार जाहिराती उभ्या राहतात. म्हणून जाहिरात तयार करण्यापूर्वी पोस्टचा क्रमांक नोंदवावा, अकाउंटमध्ये त्याच `object_story_id` ची जाहिरात आधीपासून आहे का ते पाहावे आणि बजेटची बेरीज त्याच क्षणी नव्याने करावी. पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक जाहिरात `PAUSED` स्थितीतच तयार होऊ द्यावी आणि माणसाने पाहून सुरू करावी. यंत्राची निवड कुठे घसरते, ते तेव्हाच कळते.

जाहिरात दाखवण्याचा परिसर नांदुऱ्याभोवती तीस किलोमीटर पुरेसा आहे. त्यात मलकापूर, खामगाव आणि जळगाव जामोद येतात. रीलला सिनेमाचे गाणे लावलेले असेल, तर हक्कांच्या कारणाने ती बहुधा बूस्टच होत नाही. म्हणून कामाच्या व्हिडिओत स्वतःचा आवाज ठेवावा. परीक्षणाला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा परवाच्या बाजारासाठीची पोस्ट आजच उंबरठ्याशी पोहोचलेली हवी. आणि कापूस घरात आल्यावर या पेजची नेहमीची पोहोच उतरेल. खरिपातला चार टक्क्यांचा आकडा उन्हाळ्यात तसाच ठेवू नये. दर महिन्याला मागच्या तीस पोस्ट पाहून तो नव्याने ठरवावा.