'तो म्हणाला की मी...' : फ्रेंचमधील अप्रत्यक्ष कथन

'मोहन म्हणाला की मी उद्या जाईन' या मराठी वाक्यातील 'मी' म्हणजे मोहन, याविषयी सहसा कोणाच्या मनात शंका येत नाही. दिल्लीतील एखाद्या विद्यापीठात फ्रेंच शिकू लागलेला मराठी विद्यार्थी हे वाक्य जसेच्या तसे उतरवतो : 'मोहन आ दि क झ पार्तिरे दमँ.' ऐकणारा फ्रेंच मनुष्य समजतो की समोरचा विद्यार्थीच उद्या निघणार आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, म्हणून चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. अर्थ मात्र भलत्याच माणसाला जाऊन चिकटतो. वर्गातील हिंदी भाषक सोबत्याचा येथे उपयोग नाही, कारण 'उसने कहा कि मैं कल जाऊँगा' ही रचनाही मराठीसारखीच आहे. शाळेत घोटलेले इंग्रजीच काय ते थोडेफार साहाय्य करते.

याचे कारण मराठीच्या स्वभावात आहे. 'असे तो म्हणाला', 'येतो म्हणून सांगितले' अशा रचनांत मूळ बोलणे जवळजवळ अखंड ठेवून त्यावर केवळ खूण केली जाते. फारसीतून आलेला 'की' वापरला, तरी आतील काळ व सर्वनाम सहसा हलत नाही. सर्वनाम बदलायचेच ठरले, तर मराठीजवळ 'आपण' आहे : 'आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले.' येथे 'आपण' म्हणजे ते मंत्रीच. फ्रेंचमध्ये असे सर्वनाम नाही. तेथील 'इल', म्हणजे 'तो', हा मूळ वक्ता असेल किंवा तिसराच कोणी. ते संदर्भावरूनच ठरते. 'झ', म्हणजे 'मी', मात्र या कथनात नेहमी आत्ता बोलणाराच असतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. वसतिगृहातील मित्र विद्यार्थ्याला म्हणाला : 'झ पार्तिरे दमँ. मा मॅर ए मालाद. जे रसु ता लॅत्र इयॅर.' म्हणजे, मी उद्या निघेन, माझी आई आजारी आहे, तुझे पत्र मला काल मिळाले. महिन्याने विद्यार्थी हे तिसऱ्याला सांगतो : 'इल मा दि किल पार्तिरॅ ल लाँद्मँ, क सा मॅर एतॅ मालाद ए किल आव्हॅ रसु मा लॅत्र ला व्हॅय.'

प्रथम माणसे पाहावीत. मित्राचा 'मी' 'तो' झाला, 'माझी आई' 'त्याची आई' झाली, आणि 'तुझे पत्र' मात्र 'माझे पत्र' झाले, कारण पत्र सांगणाऱ्याचेच होते. 'सा' हा शब्द आईच्या लिंगाप्रमाणे येतो, मालकाच्या नव्हे. म्हणून 'त्याची आई' आणि 'तिची आई' यांना एकच रूप. नंतर काळ. सांगण्याचे क्रियापद भूतकाळी असल्यामुळे वर्तमानकाळाचा 'ए' अपूर्ण भूतकाळी 'एतॅ' झाला, पूर्ण झालेली क्रिया एक पाऊल आणखी मागे 'आव्हॅ रसु' अशी गेली, आणि भविष्यकाळाची जागा काँदिस्योनॅलने घेतली. मूळ वाक्यात अपूर्ण भूतकाळ असता, तर तो तसाच राहिला असता. 'क' दुसऱ्या व तिसऱ्या उपवाक्यातही पुन्हा आला, ही गोष्ट मराठी विद्यार्थी हटकून विसरतो.

'पार्तिरे' आणि 'पार्तिरॅ' यांतील भेद पुस्तकी उच्चारात केवळ अंत्य स्वराचा आहे, आणि पुष्कळ फ्रेंच भाषकांच्या तोंडी तोही उरलेला नाही. त्यामुळे तोंडी परीक्षेत झाकून जाणारी चूक लेखनात उघडी पडते. शंका आल्यास कर्ता अनेकवचनी करून पाहावा : 'इल पार्तिराँ' हा भविष्यकाळ आणि 'इल पार्तिरॅ' हे काँदिस्योनॅल, हा फरक कानालाही स्पष्ट कळतो.

हे बदल यांत्रिकपणे करू नयेत. 'इल मा दि'ऐवजी वर्तमानकाळी 'इल म दि' असेल, तर काळ बदलत नाहीत. सर्वनामे मात्र तेव्हाही बदलतात. निरोप त्याच दिवशी सांगितला, तर 'दमँ' राहू शकतो, कारण तो 'उद्या' अजून उद्याच असतो. मग त्याच्यासोबत भविष्यकाळही चालतो. मित्राची आई अजून आजारीच असेल, तर बोलताना 'ए' ठेवणारेही आढळतात, आणि पृथ्वी गोल असण्यासारख्या गोष्टीला तर वर्तमानकाळच शोभतो. आज्ञा असेल, तर 'क' न येता 'द' व क्रियापदाचे मूळ रूप येते.

याच काँदिस्योनॅलचा आणखी एक उपयोग वृत्तपत्रे वाचताना अडवतो. 'ल मिनिस्त्र सरॅ मालाद' या वाक्यात कोणी सांगितले याचा पत्ता नसतो, तरी ते दुसऱ्याचेच सांगणे असते. बातमीदार त्याची हमी घेत नाही. मराठी अनुवादक शब्दकोशाप्रमाणे 'मंत्री आजारी असते' असे लिहितो आणि अडखळतो. मराठीत त्यासाठी शब्द तयार आहे : मंत्री आजारी आहेत म्हणे.