सायकलीचा दिवा: गीतातली आठवण

गीत लिहिताना माझं काय चुकलं, तेच इथे सांगतो. बाबांवरचं माझं पहिलं ध्रुवपद असं होतं:

बाबा तुमची माया मोठी
कष्ट सोसले आम्हांसाठी

प्रत्येक ओळीत आठ-आठ अशा सोळा मात्रा, यमकही नीट. पण हे कुणाच्याही वडिलांना लागू पडेल. ‘माया’ आणि ‘कष्ट’ हे आपण काढलेले निष्कर्ष असतात. ते ऐकणाऱ्याने काढायचे असतात. मग मी स्वतःला विचारलं, बाबा दमलेत हे मला लहानपणी कशावरून कळायचं?

उत्तर सायकलीत सापडलं. बाबा उधन्याला लूमवर होते. रात्री आठला पाळी सुटली की मला क्लासवरून घेऊन लिंबायतला यायचे. सायकलीला डायनॅमो होता. तो चाकाला घासून फिरतो, त्यामुळे पायडल जोरात तर उजेड जास्त. रेल्वेच्या पुलाचा चढ लागला की दिवा मंदावायचा. तेव्हा लिहिलं:

चढावरी तो दिवा मंदला
मला वाटले, रस्ता थकला

‘कष्ट’ हा शब्द गेला, पण दमणं आलं. मुलाची चुकीची समजूत तशीच ठेवली. खरं कोण थकलंय ते ऐकणाऱ्याला कळतं. पण मैत्रिणीला गाऊन दाखवलं तर ती म्हणाली, “कुठला दिवा? देवाजवळचा?” कविता आपण परत वाचू शकतो, गाण्याची ओळ मात्र निघून जाते. म्हणून चढ सोडला आणि पहिली ओळ ‘सायकलीचा दिवा मंदला’ अशी केली.

अंतऱ्यात दुसरी चूक झाली. ‘केसांमधला कापुस झडला’ असं लिहिलं होतं. मात्रा जुळत होत्या, पण कापूस मुंबईच्या गिरण्यांचा. आपल्या सुरतेच्या लूमवर मुख्यतः पॉलिस्टरचं सूत. बाबांच्या बाहीला चकाकणारे तुटके धागे असायचे. ऐकीव प्रतिमा अशी नकळत घुसते. ती ओळखायची तर विचारायचं: हे मी डोळ्यांनी पाहिलंय का?

दांडीवरती पंचा दुमडुन
मला बसवले, बसले मागुन
बाहीवर मग धागा दिसला

तिसरी ओळ ‘मंदला-थकला’शी यमक जुळवून ध्रुवपदाकडे परत नेते. अंतऱ्यात आधी बाबांचा धागा दिसतो, म्हणून दुसऱ्यांदा ‘रस्ता थकला’ ऐकताना ते जास्त लागतं. ओळ तीच, अर्थ वाढलेला.

शेवटी बाबांना ऐकवलं. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, “पंचा कुठला रे? टावल व्हता.”

मला मात्र ‘टॉवेल’ बसत नव्हता. पाच मात्रा, एक जास्त. पण बाबा म्हणाले तसा ‘टावल’ मोजला, तर बरोबर चार! आता ओळ अशी आहे:

दांडीवरती टावल दुमडुन