मीटर रीडिंगवरून कारखान्याचे वीजबिल : एक सराव पाठ

घरच्या वीजबिलात चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केलं की युनिट मिळतात, हे मुलांना येतं. पण लहान कारखान्याचं बिल दिलं की बरीच मुलं पहिल्याच पायरीवर अडतात. त्यासाठी हे उदाहरण फळ्यावर सोडवावं.

एका कारखान्याचा जोडभार २५ किलोवॅट आहे. मागील रीडिंग ८७४२, चालू रीडिंग ९१०२.

पायरी १ : फरक. ९१०२ − ८७४२ = ३६०

पायरी २ : गुणक. इथे ३६० म्हणजे युनिट नव्हेत. जास्त भार असला की सगळा प्रवाह मीटरमधून नेत नाहीत. सीटी नावाचं उपकरण तो ठरावीक पटीने कमी करून मीटरला देतं. या कारखान्यात सीटी ५०/५ आहे, म्हणजे मीटरपर्यंत दहावा हिस्साच पोहोचतो. म्हणून १० ने गुणायचं. महावितरणच्या बिलावर हा आकडा ‘गुणक अवयव’ म्हणून छापलेला असतो; घरगुती बिलात तो बहुधा १ असल्याने लक्षात येत नाही.

३६० × १० = ३६०० युनिट

गुणक विसरला तर कसं ओळखायचं? २५ किलोवॅटचा पूर्ण भार एक तास चालला की २५ युनिट होतात. ३६० ÷ २५ = १४.४, म्हणजे कारखाना महिनाभरात जेमतेम साडेचौदा तास चालला! रोज ८ तास, २६ दिवस काम असेल तर पूर्ण भाराने जास्तीत जास्त ५२०० युनिट होतील. ३६०० हे उत्तर त्यात बसतं.

पायरी ३ : टप्पे. सरावासाठी दर असे धरू : पहिल्या १००० युनिटला ५ रुपये, पुढच्या १००० ला ६ रुपये, त्यापुढे ७ रुपये.

१००० × ५ = ५,०००
१००० × ६ = ६,०००
१६०० × ७ = ११,२००
एकूण = २२,२०० रुपये

इथे मुलं ३६०० × ७ = २५,२०० करतात. ‘वरच्या टप्प्यात गेलो की सगळेच युनिट महाग’ असा त्यांचा समज असतो. तसं नाही, महाग दर फक्त २००० च्या पुढच्या युनिटला. जास्तीचे ३००० रुपये कुठून आले, हेही मुलांकडूनच काढून घ्यावं : पहिल्या हजारावर २ रुपये आणि दुसऱ्या हजारावर १ रुपया जास्त लागला.

पालकांसाठी एक सूचना. महाराष्ट्रात असे युनिटचे टप्पे घरगुती बिलात दिसतात. लघुदाब उद्योगांचे दर मात्र भार २० किलोवॅटपर्यंत आहे की त्याहून जास्त, यावर ठरतात. तेव्हा खरं बिल तपासताना पायरी १ आणि २ तशाच ठेवा आणि दर बिलावरचा घ्या. स्थिर किंवा मागणी आकार आणि वीज शुल्क यांची बेरीज त्यानंतर करायची असते.