तांदूळ भिजवला, आता पाणी किती?

भायखळा मार्केटला किंवा लालबागला महिन्याचा किराणा भरायला जाणाऱ्या घोडपदेवच्या घरात दोन तांदूळ हमखास असतात. रोजचा कोलम किंवा इंद्रायणी, आणि रविवारच्या पुलावासाठी बासमती. दोन्ही भिजवायचे का, आणि भिजवल्यावर पाणी किती कमी करायचं, यावर घरोघरी वेगवेगळं सांगतात. त्यातलं बरंचसं खरंही असतं, पण ते आपापल्या पातेल्यापुरतं.

आधी पैशाचं बोलू, कारण भिजवलं की गॅस वाचतो हे आपण ऐकत आलोय. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर समजा ९०० रुपयांना पडला, तर किलोला सुमारे ६३ रुपये होतात. मध्यम आचेवर तासाला साधारण १२० ग्रॅम गॅस जळतो. भिजवलेला बासमती उघड्या पातेल्यात पाचेक मिनिटं आधी शिजतो, म्हणजे दहा ग्रॅम, म्हणजे साठ-पासष्ट पैसे. रोज भात करणाऱ्या घराची महिन्याकाठी वीस रुपयांच्या आत बचत. तुमच्या पावतीवरची किंमत घालून आकडा बदला, पण त्यातून फार काही हाती लागणार नाही. कोलमला कुकरची एखादी शिट्टी कमी लागते, इतकंच. गॅससाठी भिजवू नका, दाण्यासाठी भिजवा.

दाण्यात काय होतं ते पाहू. कोरड्या तांदळात तेरा-चौदा टक्के ओलावा असतो. साध्या पाण्यात अर्धा तास ठेवला की तो तीस टक्क्यांच्या आसपास जातो आणि तिथेच जवळजवळ थांबतो. पुढे तासभर ठेवला तरी फारसं पाणी शिरत नाही. म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ सुमारे २४ ग्रॅम पाणी पितो. हे पाणी आधीच दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं असलं की आच लागताच दाणा आतून-बाहेरून एकदम फुलतो. कोरडा दाणा आधणात वैरला, तर बाहेरचा थर आधी फुगून मऊ होतो आणि मधे कणी राहते. ती शिजेपर्यंत थांबलं की बाहेरचा थर फुटतो. लांब, सडपातळ दाण्याचं यात जास्त नुकसान होतं, कारण तो आडवा मोडतो.

आता आकड्यांत मांडू. दीडशे मिलिलिटरची वाटी घ्या. तिच्यात सुमारे १२५ ग्रॅम तांदूळ मावतो. दोन वाट्या बासमती, म्हणजे पाव किलो, चौघांच्या पुलावाला पुरतो. कोरडाच मोजा. भिजल्यावर वाटीने मोजला तर दाणा फुगलेला असतो आणि सगळं गणित चुकतं. तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुऊन, भरपूर पाण्यात वीस ते तीस मिनिटं भिजवा आणि चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. वजनकाट्यावर ठेवलात तर २५० ग्रॅमचा तांदूळ ३३० च्या आसपास भरेल. साठ ग्रॅम पाणी दाण्यात गेलंय, वीसेक ग्रॅम अंगाला चिकटलंय. मिळून अर्धी वाटी.

न भिजवता हाच तांदूळ झाकणाच्या पातेल्यात करायला साधारण पावणेचार वाट्या पाणी लागलं असतं. त्यातून दाण्याने प्यायलेली आणि अंगाला चिकटलेली मिळून अर्धी वाटी वजा करा. शिजायला पाच मिनिटं कमी लागणार, म्हणून वाफेने उडणारं पाव वाटी पाणीही वजा करा. उरलं तीन वाट्या. कुकरमध्ये थेट केलात तर वाफ फारशी जात नाही, म्हणून अडीच वाट्या पुरतात. आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. मगच काट्याने दाणे सोडवा.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. वजाबाकी करायची ती निथळून टाकलेल्या पाण्यामुळे, निव्वळ भिजवण्यामुळे नाही. मोजून घातलेल्या पाण्यातच तांदूळ भिजवलात आणि त्याच पाण्यात शिजवलात, तर पाणी कमी करायचं कारणच नाही. दाण्याने प्यायलेलं पाणी भांड्यातच आहे. जपानमध्ये आखूड दाण्याचा तांदूळ असाच करतात: धुऊन, मोजलेल्या पाण्यात अर्धा तास, थंडीत तासभर, आणि तसाच आचेवर.

थंडीत जास्त वेळ, हे लक्षात ठेवा. गार पाण्यात दाणा सावकाश पितो. आपल्याकडे नळाचं पाणी कोमट असतं, त्यामुळे पुस्तकातला किंवा व्हिडिओतला 'एक तास' मुंबईत बासमतीलाही जास्तच होतो. घड्याळापेक्षा दाणा पाहा. काचेसारखा दिसणारा दाणा पांढराशुभ्र झाला आणि नखाने दाबल्यावर कडक गाभा न लागता तुटला, की झालं. त्यानंतर तो ठिसूळ असतो. भिजल्यावर चोळून धुण्याची चूक इथे भोवते. पातेल्यात अर्धे तुकडेच पडतात. आणि उन्हाळ्यात सकाळी भिजवून संध्याकाळी शिजवायचा बेत असेल, तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर आंबूस वास धरतो.

इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचं वेगळं आहे. ते चिकटच व्हायला हवेत. त्यांचा आसट, वरण जिरवून घेणारा भात हीच त्यांची चव. अर्धा तास भिजवून कुकरला लावला तर कडा विरघळून गिचका होतो. धुतला की लगेच लावा, किंवा मोजलेल्या पाण्यातच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. कुकरच्या भांड्यात दोन वाट्यांना साडेचार वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाव-अर्धी वाटी कमी. कोलम मधला. रोजच्या भाताला दोनास चार वाट्या, भिजवायची गरज नाही. मसालेभात मोकळा हवा असेल तर पंधरा मिनिटं भिजवून निथळा आणि साडेतीन वाट्या घाला. गावाहून आलेला उकडा मात्र याच्या उलट: त्याला तासभर भिजवणं आणि जास्त पाणी दोन्ही लागतं.

भात बिघडला तर कारण ओळखता येतं. दाणे अख्खे पण मधे कणी, तर पाणी किंवा वेळ कमी पडला. गरम पाण्याचा हबका मारून मंद आचेवर पाच मिनिटं झाका. दाणे फुटलेले आणि तळाशी खळ, तर निथळूनही जुन्याच मापाने पाणी घातलंय. त्याला इलाज नाही, दहीभात करा.

खरे पैसे वाचतात ते तांदूळ निवडताना. समजा अख्खा बासमती किलोला १४० रुपये, तिबार १०० आणि कोलम ७०. पाव किलोच्या पुलावाला अनुक्रमे ३५, २५ आणि साडेसतरा रुपये. तिबार म्हणजे बासमतीचाच मोठा तुकडा. सुगंध तोच, लांबी थोडी कमी. तुटलेल्या टोकाकडून पाणी लवकर शिरतं, म्हणून त्याला पंधरा मिनिटंच भिजवा आणि पाणी अख्ख्या बासमतीपेक्षा दोन-तीन चमचे कमी घाला. दुबार आणि मोगरा हे त्याहून बारीक तुकडे; ते भिजवूच नयेत, खिरीला किंवा खिचडीला घ्यावेत. पाहुण्यांच्या बिर्याणीला अख्खा बासमती घ्या, घरच्या पुलावाला तिबार पुरेसा आहे, आणि मसालेभातासाठी बासमतीवर पैसे घालू नका.