गच्चीवर सोलर: प्रत्येक फ्लॅटला किती पैसे काढावे लागतील?

बारामती किंवा इंदापुरात तुमची सोसायटी असेल आणि लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांचं बिल जड जात असेल, तर ठराव मांडण्याआधी कॉमन मीटरचं बिल हातात घ्या. त्यावर नाव कुणाचं आहे? बिल्डरचं असेल तर महावितरणकडे आधी नावबदल करून घ्या, कारण अनुदान सोसायटीला मिळवायचं आहे. दुसरं, मंजूर भार पाहा. सोलरची क्षमता त्याहून जास्त ठेवता येत नाही. भार वाढवायचा तर त्याचा खर्च वेगळा.

आता हिशेब. समजा २४ फ्लॅट आहेत आणि कॉमन वापर महिन्याला १,२०० युनिट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे १० किलोवॅट पुरेत. त्यासाठी सावली न पडणारी साधारण हजार चौरस फूट गच्ची लागते. कोटेशन सहा लाखांचं आलं असं धरू. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे १ लाख ८० हजार. पण हे पैसे काम संपून तपासणी झाल्यावर येतात. त्यामुळे वर्गणी १७,५०० नव्हे, आधी २५,००० मागा. अनुदान आल्यावर ७,५०० परत करा. सभेत हे सांगितलं नाही, तर मधेच काम अडेल.

युनिटला दहा रुपये वाचले तर महिन्याला १२,००० रुपये, फ्लॅटमागे ५००. पैसे सुमारे तीन वर्षांत वसूल. तुमचा दर बिलावरून काढा, मात्र स्थिर आकार त्यात धरू नका. तो भरावाच लागतो. वर्गणी फ्लॅटमागे समान ठेवा, कारण कॉमन विजेचा खर्चही समानच वाटला जातो. तळमजल्याचे सभासद ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही’ म्हणतील. त्यांच्या मासिक देखभालीतही तेवढीच घट होईल, हे आकड्यांत दाखवा.

कागदपत्रं: वीजबिल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, सचिवांना अधिकारपत्र, पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला चेक. अर्ज pmsuryaghar.gov.in वर करा आणि पुरवठादार तिथल्याच यादीतला निवडा. पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे असल्याचं लेखी घ्या. स्वस्त आयात पॅनेल बसवले तर अनुदान जातं.

कोटेशनमध्ये उंच सांगाडा, अर्थिंग, वीजरोधक, केबल, नेट मीटरची चाचणी आणि जीएसटी धरलेत का, एकेक विचारा. टाकीच्या वरून पॅनेल न्यायचे तर सांगाड्याचा खर्च बराच वाढतो.

कारखान्यांच्या गाळप हंगामात राख बसते, म्हणून धुण्याचं काम कुणाचं तेही लिहून घ्या. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरू नका, काचेवर पांढरे डाग राहतात. आणि ‘लाईट गेली तरी लिफ्ट चालेल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका: बॅटरीशिवायचा साधा इन्व्हर्टर पुरवठा जाताच बंद पडतो. जनरेटर विकू नका.